पोटरी दुखते, मग गोळ्या हृदयाच्या का?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ६१. एसटीत चालक होतो, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. बिडी पाच वर्षांपूर्वी सोडली, तंबाखू-चुना चालू आहे. गेल्या दिवाळीपासून चालताना डावी पोटरी गच्च धरते. सपाट रस्त्यावर तीनशे पावलं, चार भिंतीच्या टेकडीच्या चढावर शंभरसुद्धा नाही. दोन मिनिटं उभं राहिलं की मोकळी होते. कॅल्शियम झालं, तेल-मालिश झालं, गरम पिशवी झाली, कुणी सायटिका म्हणालं. शेवटी डॉपलरमध्ये डाव्या मांडीतली नस ब्लॉक निघाली. रिपोर्टवर दंडाचा दाब १४८, डाव्या घोट्याचा ९६, उजव्याचा १३२. एबीआय डावा ०.६५, उजवा ०.८९ असं लिहिलंय. उजवा पाय अजिबात दुखत नाही. एलडीएल १३२ आहे. डॉक्टरांनी रोसुवास्टॅटिन २० आणि क्लोपिडोग्रेल ७५ दिल्या, ईसीजी काढला (नॉर्मल आला) आणि भरपूर चाला म्हणाले. मेडिकलवाला म्हणतो या हार्टच्या गोळ्या आहेत. माझ्या छातीत कधी काही झालेलं नाही. पुतण्या म्हणतो, सरळ अँजिओप्लास्टी करून नस उघडून घ्या. दुखणं पायात, औषध हृदयाचं, आणि ज्यानं दुखतं तेच करा म्हणतात. हे बरोबर चाललंय का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बरोबर चाललं आहे. तुमच्या डॉक्टरांनी पायाकडे बघून हृदयाचा विचार केला, हे त्यांनी चांगलं केलं. चालायचं कसं, हे मात्र त्यांनी तपशिलात सांगितलेलं दिसत नाही, आणि तंबाखूचा विषय तुम्ही एका वाक्यात उरकलात. त्या दोन्हींकडे येतो. आधी गोळ्यांबद्दल, कारण दुकानात कानावर पडलेल्या एका वाक्यावर लोक गोळ्या बंद करतात आणि मग वर्षभराने वेगळ्याच कारणासाठी दाखल होतात.

पहिली गोष्ट म्हणजे हे दुखणं धमनीचंच आहे, सायटिका नाही. ठरावीक अंतरावर पोटरी धरणं, चढावर ते अंतर कमी होणं आणि नुसतं उभं राहून दोन-तीन मिनिटांत सुटणं, ही या आजाराची ओळख आहे. मणक्यात नस दबली असेल तर नुसतं उभं राहून भागत नाही. बसावं लागतं किंवा कमरेत वाकावं लागतं. अशा माणसाला उलट उतार उतरताना जास्त त्रास होतो, आणि सायकल मात्र तो बिनघोर चालवतो. रात्री झोपेत येणारे पेटके वेगळे, आणि मधुमेहाने तळपायाची होणारी आग वेगळी. त्या दोन्हींचा चालण्याच्या अंतराशी संबंध नसतो. खरं तर हा फरक कळायला मशीन लागत नाही. मोजे काढायला लावून घोट्याच्या आतल्या बाजूला आणि पाऊल वरून चाचपून नाडी लागते का, एवढं पाहिलं तरी संशय येतो. दंडाला पट्टा सगळेच बांधतात, पावलाला हात लावणारे थोडे.

आता मांडीतल्या अडथळ्याने पोटरी का दुखते ते पाहू. मांडीच्या आतल्या बाजूने एक मोठी धमनी खाली उतरते आणि गुडघ्याच्या थोडं वर स्नायूंच्या अरुंद वाटेतून मागे वळते. अडथळा व्हायची ही सर्वांत नेहमीची जागा. पाटाचं पाणी वर कुठे अडलं तर कोरडं पडतं ते शेवटच्या टोकाचं शेत, तसं इथे पोटरीचं होतं. तुम्ही बसलेले असताना पोटरीला रक्त लागतं थोडंच, आणि तेवढं आजूबाजूच्या छोट्या वाटांनी पोचतं. मांडीत खोलवर दुसरी एक धमनी असते, तिच्या फांद्या गुडघ्याभोवतीने खालच्या धमनीला जाऊन मिळतात. बंद पडलेल्या रस्त्याचं काम त्या बऱ्यापैकी सांभाळतात. पण चालायला लागलात की पोटरीची मागणी दहापट किंवा त्याहून जास्त होते. त्या आडवाटांना तेवढं पेलत नाही. स्नायू उसनवारीवर काम करू लागतो, आणि उधारी एका मर्यादेला पोचली की पोटरी धरते. थांबलात की दोन मिनिटांत फिटते. म्हणून तुमचं अंतर ठरलेलं आहे, आणि चढावर मागणी जास्त म्हणून तिथे ते आखडतं.

रिपोर्टमधले आकडे आता हातात घेऊ, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्यातच आहे. एबीआय म्हणजे घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. डावीकडे ९६ भागिले १४८, म्हणजे ०.६५. उजवीकडे १३२ भागिले १४८, म्हणजे ०.८९. निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाइतका किंवा थोडा जास्तच असतो, त्यामुळे हा आकडा १ ते १.४ मध्ये येतो. ०.९० किंवा त्याहून कमी म्हणजे पायाच्या धमनीत अडथळा आहे. ०.४ च्या खाली गेला तर पाय धोक्यात समजायचा. तुमचा डावा पाय मधल्या पट्टीत आहे: आजार नक्की आहे, पण पाय जाण्याच्या जवळपाससुद्धा नाही.

पण तुमचा उजवा आकडा पाहा. ०.८९. ज्या पायाने कधी तक्रार केली नाही, त्याही पायात अडथळा सुरू झालेला आहे. तो दुखत नाही कारण अजून तेवढा अरुंद झालेला नाही, आणि तेवढं चालायची त्याच्यावर वेळच येत नाही. त्याच्या आधी डावा पाय तुम्हाला थांबवतो. शिवाय मधुमेह जुना असला की धमनीच्या भिंतीत चुना साठून ती कडक होते, पट्ट्याने नीट दाबली जात नाही, आणि घोट्याचा दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणजे खरा आकडा ०.८९ पेक्षा कमीही असू शकेल. काही मधुमेही रुग्णांत तो १.४ च्या वर जातो आणि सगळं छान आहे असा भ्रम होतो. तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

दुखत नाही म्हणून आजार नाही, हे गणित तुमच्या उजव्या पायाने खोटं ठरवलं आहे. हृदयाबाबत तुम्ही तेच गणित मांडता आहात.

धमनी अरुंद होते ती बाहेरून काही अडकून नाही. तिच्या आतलं अस्तर तंबाखू, वाढलेली साखर, वाढलेला दाब यांनी खराब होतं आणि त्यातून एलडीएल कोलेस्टेरॉल भिंतीच्या आत शिरतं. शरीर ते साफ करायला पेशी पाठवतं, त्या पेशी कोलेस्टेरॉल खाऊन तिथेच अडकतात, सूज राहते आणि वर्षानुवर्षं थर चढत जातो. हे जिथे धमनीला फाटा फुटतो किंवा वळण येतं तिथे आधी होतं. असे फाटे मांडीत आहेत, हृदयावर आहेत, आणि मेंदूकडे जाणारी धमनी गळ्यात जिथे दुभंगते तिथेही आहेत. तुमचं रक्त या सगळीकडून तेच फिरतं, त्यात तेच १३२ एलडीएल, तीच साखर. मग फक्त डाव्या मांडीतच थर चढला आणि बाकी सगळं स्वच्छ राहिलं, असं व्हायला काही कारण नाही.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने १९८४ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. पाय, गळा किंवा पोटातल्या धमनीच्या आजारासाठी आलेल्या १००० रुग्णांची त्यांनी हृदयाची अँजिओग्राफी केली. त्यातल्या बऱ्याच जणांना हृदयविकाराचा संशयही नव्हता. हृदयाच्या धमन्या पूर्ण निर्दोष निघाल्या त्या शंभरात फक्त आठ जणांच्या.

मग छातीत का दुखत नाही? एक कारण अगदी साधं आहे. छातीत दुखायला हृदयावर ताण यावा लागतो आणि ताण यायला जोरात चालावं लागतं. तुमची पोटरी तुम्हाला तीनशे पावलांवर उभी करते. हृदयाची परीक्षा सुरू व्हायच्या आतच तुम्ही वर्गातून बाहेर. पाय बरा झाल्यावर माणूस किलोमीटरभर चालू लागतो आणि तेव्हा पहिल्यांदा छाती भरून येते, असे रुग्ण आम्ही बघतो. त्यांचं हृदय पाय बरा झाल्याने बिघडलेलं नसतं. आधीपासूनचं दुखणं तेव्हा उघड होतं.

दुसरं कारण ईसीजीबद्दल आहे. झोपवून काढलेला ईसीजी हृदय विश्रांतीत असताना कसं आहे ते सांगतो, आणि आधी अटॅक येऊन गेला असेल तर बऱ्याचदा त्याची खूण दाखवतो. धमनीत थर किती आहे हे त्यात दिसत नाही. शिवाय अटॅक नेहमी सर्वांत अरुंद जागीच येतो असं नाही. धमनी अर्धीसुद्धा बुजलेली नसताना तिथला थर अचानक फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि काही मिनिटांत रस्ता पूर्ण बंद होतो. अशा जागेने आदल्या दिवसापर्यंत काहीच त्रास दिलेला नसतो.

आता धोका कुठे किती, तेही स्पष्टच सांगतो, कारण पायाचं नाव काढलं की सगळ्यांना पाय कापायची भीती वाटते. चालताना पोटरी धरणारे शंभर जण घेतले आणि पाच वर्षं त्यांच्याकडे पाहिलं, तर सत्तर-ऐंशी जणांचं दुखणं आहे तेवढंच राहतं. पाय कापायची वेळ येते ती दोन-तीन जणांवर. पण त्याच शंभरातल्या वीसेक जणांना त्या काळात हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन जातो, आणि दहा ते पंधरा जण दगावतात, त्यातले बहुतेक हृदय आणि मेंदूच्या धमन्यांमुळे. हे आकडे थोडे जुने आहेत, आजच्यासारखी औषधं सर्रास दिली जात नव्हती तेव्हाचे. आणि मधुमेह व तंबाखू असेल तर पायाचा धोकाही या सरासरीपेक्षा जास्त असतो. पण प्रमाण लक्षात घ्या. तुमचा पाय आजार दाखवतो आहे, जिवाला धोका त्याहून वर आहे.

म्हणून त्या दोन गोळ्या. रोसुवास्टॅटिन रक्तातलं एलडीएल उतरवते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे भिंतीतला थर शांत करते. त्याच्यावरचं आवरण घट्ट होतं आणि फाटायची शक्यता कमी होते. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'हार्ट प्रोटेक्शन स्टडी'मध्ये पायाच्या धमनीचा आजार असलेले साडेसहा हजारांहून जास्त लोक होते. त्यांना याच जातीचं औषध, म्हणजे स्टॅटिन, दिल्यावर अटॅक, पक्षाघात आणि धमन्यांवरची ऑपरेशन्स जवळपास चौथाईने कमी झाली, ज्यांना हृदयविकार कधीच झालेला नव्हता त्यांच्यातही.

तुमचं एलडीएल १३२ आहे. रोसुवास्टॅटिन २० ते साधारण निम्मं करते, म्हणजे ६६ च्या आसपास आणते. या आजारात ते ५५ च्या खाली असावं असं आता मानतात. त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासून ६०-७० आलं, तर 'नॉर्मल आलं' म्हणून खूश होऊ नका. डॉक्टर बहुधा एझेटिमिब १० जोडतील. तिने आणखी पाचवा हिस्सा कमी होतो आणि तुम्ही ५३ पर्यंत येता. कमी आलं म्हणून गोळी बंद करायची नसते. आणि कुणी म्हणेल की स्टॅटिननेच पोटऱ्या दुखतात, तर फरक असा: स्टॅटिनचं दुखणं सहसा दोन्ही बाजूंना, मांड्या-खांद्यांतही आणि बसल्या-बसल्यासुद्धा असतं, दोन मिनिटं थांबून जात नाही. तुमचं दुखणं तर गोळीच्या आधीपासूनचं आहे.

क्लोपिडोग्रेल रक्तातल्या बिंबाणू या सूक्ष्म कणांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणजे थर फाटलाच तर त्यावर गुठळी लवकर जमत नाही. ॲस्पिरिनही चालते. पण १९९६ च्या एका १९ हजारांहून जास्त रुग्णांच्या तुलनेत पायाच्या धमनीच्या रुग्णांना क्लोपिडोग्रेलचा फायदा जास्त दिसला, म्हणून अनेक डॉक्टर ती निवडतात. तिच्याबरोबर ॲसिडिटीसाठी मनाने ओमेप्राझोल घेऊ नका, ती हिचा असर कमी करते. गरज असेल तर डॉक्टर पँटोप्राझोल देतात. पोटरीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या तर अजिबातच नकोत. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि रक्त न पोचणाऱ्या स्नायूला त्याने काही मिळत नाही.

दंडाचा १४८ हा आकडा कुणी वाचलेला दिसत नाही. एका वेळच्या मापावर शिक्का मारायचा नसतो, पण घरी किंवा दवाखान्यात शांत बसून पाच-सहा वेगवेगळ्या दिवशी मोजा. तेवढाच येत असेल तर त्याची गोळी लागेल. साधारण १३० च्या आसपास आणायचा.

चाचण्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवा. 'सगळीकडे ब्लॉक असू शकतो' हे ऐकून काही जण डोक्यापासून पायापर्यंत सीटी अँजिओग्राफी करून घेतात. छातीत त्रास नसताना हृदयाची अँजिओग्राफी सरसकट करू नये, असंच मार्गदर्शन आहे, कारण जी औषधं त्यानंतर द्यायची ती तुम्हाला आधीच चालू आहेत. ईसीजी झाला आहे. पोटाची सोनोग्राफी एकदा करून पोटातली महाधमनी फुगलेली नाही ना, एवढं बघून घ्या. बिडी ओढलेल्या पुरुषांत ते पाहण्यासारखं असतं. क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. बाकी पैसे चांगल्या बुटांना ठेवा.

आता तंबाखू. बिडी सोडलीत हे फार मोठं काम झालं. पायाच्या धमन्यांना धुरासारखा शत्रू दुसरा नाही. पण चुना मळून गालात धरलेली तंबाखू निरुपद्रवी, ही आपल्याकडची पक्की समजूत खरी नाही. ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत, जिचे तंबाखूबद्दलचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, चघळणाऱ्यांमध्ये पहिल्या हार्ट अटॅकचा धोका न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. दिवसाला किती वेळा मळता ते डॉक्टरांना खरं सांगा. निकोटिनची च्युइंगगम मिळते, औषधंही आहेत. रोज एखादी खेप कमी करत सोडण्यापेक्षा तारीख ठरवून एकदम सोडणाऱ्यांचं जास्त टिकतं. आणि मिश्रीवर उतरू नका, तीही तंबाखूच.

चालण्याचं असं करा. 'भरपूर चाला' म्हटलं की लोक दुखेपर्यंत चालतात आणि घाबरून घरी बसतात, किंवा दुखायच्या आधीच थांबतात. दोन्हींनी काही होत नाही. सपाट जागा निवडा, चार भिंत सध्या नको. अशा वेगाने चाला की तीन ते पाच मिनिटांत पोटरी धरेल. धरल्याबरोबर थांबू नका. दुखणं मध्यम होईपर्यंत, म्हणजे 'आता पुरे' असं वाटेपर्यंत, थोडं पुढे रेटा. मग उभे राहा किंवा कट्ट्यावर बसा. पूर्ण मोकळं झालं की पुन्हा निघा. सध्या तुमची तीनशे पावलं म्हणजे साधारण तीन मिनिटं, आणि सुटायला दोन. म्हणजे पाच मिनिटांची एक फेरी, अर्ध्या तासात सहा फेऱ्या, अठराशे पावलं. आठवड्यात किमान तीन दिवस, जमलं तर पाच. दर आठवड्याला थोडी वेळ वाढवत पाऊण तासापर्यंत न्या. सलग आठ-दहा मिनिटं न दुखता चालता येऊ लागलं की वेग वाढवा, आणि त्यानंतर हलका चढ घ्या. हे निदान बारा आठवडे. पहिले चार आठवडे काहीच फरक वाटत नाही आणि तिथेच बहुतेक जण सोडतात.

यात पोटरी दुखते, पण तिचं नुकसान होत नाही. बंद धमनी चालून उघडतही नाही. तीन महिन्यांनी एबीआय कदाचित तेवढाच राहील. बदल होतो तो स्नायूत. मिळतं त्या रक्तातून तो जास्त प्राणवायू काढून घ्यायला शिकतो, लहान धमन्या जास्त सैल होतात आणि चालण्याची ढबही सुधारते. अंतर दीडपट-दुप्पट होणं नेहमीचं आहे. दर रविवारी पहिल्या दुखण्यापर्यंतची पावलं मोजून कॅलेंडरवर लिहा, डॉक्टरांना रिपोर्टपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. एक अट: जसं अंतर वाढेल तसं हृदय पहिल्यांदा कामाला लागेल. चालताना छाती आवळली, जबडा किंवा डावा हात भरून आला, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, तर त्या दिवशी थांबा आणि डॉक्टरांना गाठा. तेव्हा हृदयाची पुढची तपासणी करायला खरं कारण मिळेल.

पुतण्याच्या सल्ल्याबद्दल. मी स्वतः या अँजिओप्लास्टी करतो, तेव्हा माझा कल तिकडे असायला हवा. पण मांडीतली धमनी प्रत्येक पावलाला वाकते, ताणते, पिळली जाते. तिथे फुगा फिरवला किंवा स्टेंट बसवला की महिनाभर माणूस खूश असतो, आणि बऱ्याच जणांत वर्ष-दोन वर्षांत जागा पुन्हा आवळते. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर आधी होता त्यापेक्षा वाईट अवस्थेत पाय येऊ शकतो. अमेरिकेतल्या २०१२ च्या एका चाचणीत ओटीपोटातल्या धमनीचा अडथळा असलेल्यांना, म्हणजे जिथे स्टेंट सर्वांत चांगला टिकतो तिथल्या रुग्णांना, तीन गटांत विभागलं: नुसती औषधं, देखरेखीखाली व्यायाम आणि स्टेंट. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर जास्त वेळ चालले ते देखरेखीखाली व्यायाम केलेले. स्टेंटवाल्यांनी मात्र रोजच्या जगण्यात जास्त बरं वाटतं असं सांगितलं, तेही नोंदवायला हवं. म्हणून माझं मत असं: बारा आठवडे वर सांगितल्याप्रमाणे चाला, गोळ्या घ्या, तंबाखू सोडा. त्यानंतरही दूध आणायला जाणं अवघड होत असेल, तर सिलोस्टॅझॉल १०० दिवसातून दोनदा देऊन पाहता येते. तिने डोकं दुखतं, धडधड होते, आणि हृदय कमजोर असलेल्याला ती द्यायचीच नाही; सुरू करण्याआधी इको करून घ्यावा. तेही पुरलं नाही तर अँजिओप्लास्टीचं बोलू. अँजिओप्लास्टीने मांडीतली ती वीतभर धमनी उघडेल, बाकीच्या धमन्यांना त्या दोन गोळ्याच लागणार, त्यामुळे त्या काही सुटत नाहीत.

गरम पिशवी मात्र आजपासून बंद. मधुमेहाने पावलाला चटका कळत नाही आणि कमी रक्तामुळे भाजलेलं भरत नाही. या शेकण्यातून सुरू झालेल्या जखमा मी पाहिल्या आहेत आणि त्या सगळ्या टाळता आल्या असत्या. कुरूप ब्लेडने कापू नका. देवळातसुद्धा मोजे घालून जा. रात्री दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा, वाकता येत नसेल तर घरच्यांना दाखवा. फोड, चीर, काळपट डाग दिसला तर दुसऱ्या दिवशीच डॉक्टरकडे. झोपल्यावर पाऊल ठणकू लागलं आणि खाटेवरून खाली सोडल्यावरच बरं वाटू लागलं, तर आजार पुढच्या पायरीवर गेला. तेव्हा बारा आठवडे थांबायचं नसतं, अँजिओप्लास्टी किंवा बायपासचा निर्णय त्याच आठवड्यात व्हायला हवा.

पाय अचानक थंडगार, पांढराफटक आणि बधिर झाला, बोटं हलेनात, तर गुठळी अडकली असं समजा. हातात पाच-सहा तास असतात. तेव्हा मालिश करत बसू नका, रक्तवाहिन्यांचा सर्जन आहे अशा रुग्णालयात फोन करून रात्रीच निघा, मग त्यासाठी पुण्याला जावं लागलं तरी. छाती आवळून घाम फुटला, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर मात्र उलट करायचं: पुणं गाठायचा विचार न करता १०८ ला फोन करून साताऱ्यातलंच आयसीयू असलेलं जवळचं रुग्णालय गाठा, आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे हे तिथे पहिल्या वाक्यात सांगा.